धोपेचा तोल पुढे जातोय, वाटीत शिसं ओतावं का?

कंदीपेढा
मंडळी, नमस्कार. आमच्या मर्दानी खेळाच्या पथकासाठी दोन वर्षांपूर्वी एक धोप करून घेतली. सरळ पातं, एकाच बाजूला धार, टोकाकडची वीतभर मात्र दोन्हीकडे धार, वर पिंजऱ्यासारखी मूठ, मुठीच्या शेवटाला वाटी आणि मागे गज. पातं ट्रकच्या कमानपाट्याचं आहे. लांबी ९१ सेंमी, एकूण वजन १४८० ग्रॅम. बोटावर ठेवून तोल बघितला तर परजेच्या, म्हणजे मुठीच्या आडव्या पट्टीच्या, पुढे १९ सेंमीवर येतो.

त्रास असा. केळीच्या बुंध्यावर पहिला वार छान जातो, पण तलवार थांबत नाही. ती मला ओढत घेऊन जाते आणि दुसऱ्या वाराला उशीर होतो. पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ओळीने ठेवल्या तर पहिली कापली जाते आणि दुसरी उडून अंगणात पडते. भोसकण्याचा हात करायला गेलं की टोक खाली झुकतं. वीस मिनिटांत मनगट भरून येतं.

ज्यांनी करून दिली ते म्हणतात, "वाटीत दोनशे ग्रॅम शिसं ओततो, तोल चार बोटं मागे येईल, हलकी वाटेल." करावं का? आणि मुळात तोल किती बोटांवर असावा?

वाघनखी७६
सरळ उत्तर: चार बोटं. परजेपासून चार बोटांवर तोल नसेल तर ती तलवार नाही, पहार आहे. आमच्या वस्तादांनी हेच शिकवलं. ओता शिसं.

शंकासुर
भाऊ, भाड्याने मिळेल का? २२ तारखेला चुलतभावाचं लग्न आहे, नवरदेवाच्या हातात द्यायची आहे. धार नको, चकाकी पाहिजे.

कंदीपेढा
@शंकासुर दीड किलो आहे. घोड्यावरून उतरेपर्यंत नवरदेवाचा हात गळून पडेल.

शंकासुर
मग तोल मागे आणा, तोवर थांबतो.

लोहारआळी
शिसं ओतू नका. वडील आणि आजोबा दोघेही हेच काम करायचे, मी कॉलेजात यंत्रं शिकलो आणि आता दोन्ही करतो. तुमच्या आकड्यांवरच हिशोब करून दाखवतो, म्हणजे माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही.

तुमच्या पंजाचा मध्य परजेच्या मागे साधारण ५ सेंमीवर येतो असं धरू. तोल परजेच्या पुढे १९, म्हणजे हातापासून २४ सेंमी. तलवार आडवी धरली की मनगटावर १४८० ग्रॅम गुणिले २४ सेंमी इतका ओढा येतो. झाले ३५,५०० ग्रॅम-सेंमी.

आता वाटी परजेच्या मागे १५ सेंमीवर आहे असं समजा, म्हणजे हातापासून फक्त १० सेंमी मागे. तिथे २०० ग्रॅम टाकले तर उलट बाजूला २००० ग्रॅम-सेंमी मिळतात. ३५,५०० चे ३३,५०० झाले. मनगटाला आराम किती? शेकडा साडेपाच. वजन मात्र १४८० चं १६८० झालं.

गंमत अशी की तोल खरोखरच मागे येतो, चार बोटं नाही पण चार सेंमी, १९ वरून १५ वर. बोटावर ठेवून बघाल तर वाटेल, वा, काम झालं. म्हणून हा उपाय इतका लोकप्रिय आहे. तोल बदलला, तलवार तशीच राहिली.

तुमची तक्रार "थांबत नाही" ही आहे. ती तोलाची नाही, फिरवायला आणि थांबवायला लागणाऱ्या जोराची आहे. तिथे हातापासूनच्या अंतराचा वर्ग मोजला जातो. टोकाजवळचा एक ग्रॅम हा वाटीतल्या ग्रॅमपेक्षा शंभरपट जड आहे असं समजा, अंतरं ९६ आणि १० सेंमी आहेत. आणि वाटीतलं शिसं हे जडपण एका ग्रॅमनेही कमी करत नाही, थोडं वाढवतंच. ते हाताच्या मागे असलं तरी फिरवावं लागतंच ना.

एक विचारतो: पात्याची जाडी परजेजवळ किती आहे आणि टोकापासून चार बोटं आत किती? कॅलिपर लावून सांगा.

वाघनखी७६
म्हणजे जुने लोक वाट्या उगाच लावत होते? वस्ताद खोटं बोलले?

लोहारआळी
वस्ताद खोटं बोलले नाहीत. जुन्या चांगल्या पायदळी तलवारींचा तोल बऱ्याचदा तेवढ्यावर मिळतो, हे खरं आहे. पण तो तिथे येतो कारण पातं पुढे पातळ होत जातं. तोल हा परिणाम आहे. ताप उतरला की थर्मामीटरचा पारा उतरतो, म्हणून कुणी थर्मामीटर बर्फात घालत नाही.

आणि तलवारीची वाटी मुख्यतः तोलासाठी नाहीच. ती तळहाताच्या टाचेला अडते, पंजा घट्ट बसतो, मनगट फार वाकत नाही. मग वार मनगटातून न येता कोपर-खांद्यातून ओढत येतो. वाकड्या पात्याला तेच हवं असतं.

मोरपंखी
हे अनुभवाने सांगते. मी आखाड्यात वाकडी तलवार फिरवते, ८६० ग्रॅम, तोल ११ सेंमी. पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा वाटीच्या कडेने मनगटाला वळ उठला, कारण मी ती काठीसारखी मनगटातून फिरवत होते. ताईंनी सांगितलं, पाणी भरलेली बादली बाजूला सरकवतेस तसा खांदा वापर. वळ गेले आणि वारही कापायला लागला.

पण कंदीपेढा, धोप ही घोडेस्वाराची. लांबी वरून खाली पोचायला हवी असते आणि वेग घोडा देतो. तुम्ही अंगणात उभे राहून तिच्याकडून पायदळी तलवारीची चपळाई मागताय. थोडा दोष मागणाऱ्याचाही आहे.

पाटीलवाडा_सांगोला
धागा वाचतोय. आमच्या देवघरात एक जुनी तलवार आहे, खंडेनवमीला पूजा होते. पात्यावर परजेजवळ तीन चंद्रकोरीसारखे छाप आहेत आणि मधून दोन उभ्या खोबणी जातात. काही ठिकाणी गंज धरलाय. पॉलिश पेपर मारू का? आणि त्या खोबणी रक्त वाहून जायला असतात ना?

लोहारआळी
@पाटीलवाडा पॉलिश पेपर अजिबात नको!! मऊ कापड, हलकं यंत्रतेल, बास. लाल भुगा सुटेल तेवढाच पुसा, काळा थर राहू द्या. आणि गरम पाण्यात बुडवू नका. आपल्याकडच्या जुन्या मुठीत पात्याचं शेपूट आखूड असतं आणि ते लाख-राळेच्या मिश्रणाने बसवलेलं असतं. उष्णता लागली की मूठ हातात आणि पातं जमिनीवर.

खोबणीचा आणि रक्ताचा काही संबंध नाही. सविस्तर नंतर लिहितो, भट्टी पेटली आहे.

निवृत्त_मापाडी
खोबणीचं मी सांगतो. चाळीस वर्षं पुलांच्या तुळयांची मापं घेतली आहेत. पट्टी वाकते तेव्हा वाकण्याला विरोध करतो तो मुख्यतः बाहेरचा पृष्ठभाग. मधला लोखंडाचा गाभा नुसता वजन वाहतो. खोबण पाडली म्हणजे दोन्ही बाजूंच्या कडा जाड ठेवून मधलं लोखंड काढलं. वजन बरंच जातं, धारेच्या दिशेचा ताठपणा थोडाच जातो. आय आकाराच्या तुळईची हीच कल्पना आहे.

मात्र एक गैरसमज नको. खोबण पाडल्याने तेच पातं जास्त ताठ होत नाही, कारण लोखंड काढून ताठपणा वाढत नसतो. वाचलेलं वजन पात्याची पाठ जाड करायला वापरलं, तर त्याच वजनात पातं ताठ होतं.

आणि जाडीचा घन लक्षात ठेवा. जाडी निम्मी केली तर ताठपणा निम्मा होत नाही, आठवा हिस्सा उरतो. आम्ही हे पुस्तकात शिकलो नाही, एका ठेकेदाराने ८ मिमीच्या जागी ६ मिमीची पट्टी लावली तेव्हा शिकलो. ती गोष्ट पुन्हा कधीतरी.

ऊसवाला
मापाडीकाका, ठेकेदाराची गोष्ट आत्ताच सांगा, तलवार वाट बघेल.

माझ्याकडे तलवार नाही, कोयता आहे. हंगामात रोज आठ तास. कोयत्याचा तोल मुद्दाम पुढे ठेवतात. ऊस उभा असतो, पळत नाही, उलटा वारही करत नाही. त्यामुळे पुढचं वजन स्वतःच काम करतं, मनगटाने फक्त दिशा द्यायची. तुमची धोप कोयत्यासारखी केली आहे असं वाटतं. तोडायला उत्तम, परत आणायला वाईट.

आणि जाड कोयता ओल्या उसात चालतो, पण जाड बुडख्यात पाचरीसारखा अडकतो. आमच्याकडे म्हणूनच धारेच्या मागे लगेच जाडी वाढू देत नाहीत.

वाघनखी७६
जाड पातं म्हणजे खोल वार, हे तर उघड आहे. वजन जास्त, जोर जास्त.

बव्हेरियातला_बटाटा
@वाघनखी७६ अर्धं बरोबर. इथे म्युनिकला दर शनिवारी आम्ही जुन्या युरोपी तलवारबाजीचा सराव करतो. भिजवलेल्या चटयांच्या गुंडाळ्या कापतो. माझ्याकडे दोन हत्यारं आहेत, दोन्ही ब्रिटिश नमुन्यांच्या प्रतिकृती. त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पहिली १७९६ च्या हलक्या घोडदळाची वाकडी तलवार. पातं साधारण ८३ सेंमी. परजेजवळ जाड, पण टोकाकडे रुंद होत जातं आणि तिथे जेमतेम २ मिमी उरतं. पुढे रुंद असल्याने वाटतं की तिथे वजन असेल. रुंदी आहे, जाडी नाही, म्हणून वजन बेताचं. चटईतून लोण्यासारखी जाते, कारण पातळ पात्याला चिरलेला भाग बाजूला ढकलावा लागत नाही. भोसकायला मात्र ती जवळपास निरुपयोगी. टोक हाताच्या रेषेत नाही आणि पातं लगेच वाकतं.

दुसरी १९०८ ची. ब्रिटिशांनी शेवटी ठरवलं की घोडेस्वाराने फक्त भोसकायचं. पातं सरळ, सुमारे ८९ सेंमी, अरुंद आणि इंग्रजी टी अक्षरासारख्या काटछेदाचं, म्हणजे पाठीला जाड कणा. मूठ पिस्तुलासारखी, हात लांब केला की टोक आपोआप समोर. पोत्यात भुसा भरून टोचली तर पातं हूं की चूं करत नाही. चटईवर वार केला तर चटई स्टँडवरून खाली पडते, कापली जात नाही. जाड कणा आत शिरतच नाही.

दोन्हींची लांबी फार वेगळी नाही. फरक पडतो तो जाडी कुठे ठेवली आहे यामुळे.

शंकासुर
नवरदेवाला १९०८ ची चालेल. हात लांब केला की टोक आपोआप सासऱ्यासमोर.

वाघनखी७६
ठीक, चटईचं मान्य. पण चिलखतावर? कापडी अंगरख्यावर? तिथे पातळ पातं मुरगळेल.

बव्हेरियातला_बटाटा
मुद्दा रास्त आहे, कापसाच्या अनेक थरांवर पातळ पात्याचंही काही चालत नाही. जाड पात्याचंही फारसं नाही. तिथे टोकच लागतं.

पाटा_फिरव
सगळे तोल मोजताय, मी पाट्यावाला. आमचा दांडपट्टा बोटावर ठेवून बघा. तोल परजेपासून इतका पुढे येतो की वाघनखीभाऊंचे वस्ताद बेशुद्ध पडतील. तरी दोन-दोन पट्टे फिरवतोच ना? कारण मुठीत मनगट मोडतच नाही, खोबळ्यात अख्खा पुढचा हात बसतो. आडवी दांडी पंजात आणि वरची पट्टी हातावर. ओढा मनगटावर न येता कोपरावर येतो. म्हणून परजेपासून बोटं मोजण्याला आमच्याकडे काही अर्थ नाही, कोपरापासून मोजा.

लिंबू कापताना पातं लवचीक असल्याने शेवटच्या क्षणी हिसका दिला तर ते लहरतं आणि लिंबू चुकतं. थांबवायचं नसतंच, गोल चालू ठेवायचा. कंदीपेढाभाऊ, तुम्ही थांबवायला जाता म्हणून मनगट भरतं. पुढचा वार मागच्या वारातूनच काढा.

कंदीपेढा
@पाटा_फिरव पटतंय, सगळ्यांनी शिव्या देण्याआधी तंत्र सुधारतो.

@लोहारआळी कॅलिपर लावला. परजेजवळ ५.१ मिमी. टोकापासून चार बोटं आत ४.८ मिमी. 😐

लोहारआळी
मिळालं. ही पट्टी आहे, पातं नव्हे. कमानपाटा ठोकून सरळ केला, बाहेरचा आकार कापला आणि धार लावली. जाडी उतरवलीच नाही. बाजारात दिसणाऱ्या दहातल्या आठ धोपा अशाच असतात, कारण जाडी उतरवायला वेळ लागतो आणि फोटोत ती दिसत नाही.

आता दुसरा हिशोब. परजेपासून २५ सेंमीपर्यंत हात लावायचा नाही. तिथून पुढे हळूहळू घासत टोकाजवळ अडीच मिमीवर आणायचं. अंदाजे १२० ग्रॅम लोखंड निघेल आणि ते सरासरी परजेपासून ५५ सेंमीवरचं, म्हणजे हातापासून ६० सेंमीवरचं असेल. मनगटावरचा ओढा ७२०० ने कमी झाला, ३५,५०० चा २८,३०० झाला. शेकडा वीस.

तोल कुठे येतो? १५.८ सेंमीवर. शिसं ओतलं असतं तर १५ वर आला असता. म्हणजे बोटावर ठेवून बघणाऱ्याला दोन्ही तलवारी जवळपास सारख्याच वाटतील, उलट शिशाची जरा बरी वाटेल. आणि हातात घेतल्या तर एक १६८० ग्रॅमची, फिरवायला पूर्वीइतकीच जड. दुसरी १३६० ग्रॅमची, फिरवायला वीस टक्के हलकी.

फिरवायचा जडपणा घरीही मोजता येतो. मूठ परजेमागे ५ सेंमीवर दोन बाजूंनी दोन खिळ्यांच्या टोकांवर अशी टांगायची की पातं खाली लोंबेल आणि धारेच्या दिशेने झोका घेईल. छोटे झोके द्यायचे, दहा झोके जाऊन-येऊन मोजायचे, त्यांच्या वेळेला दहाने भागायचं. त्या आकड्याचा वर्ग गुणिले २४.८ केलं की सेंमीत एक अंतर मिळतं. तलवारीचं सगळं वजन टांगण्यापासून तेवढ्या अंतरावरच्या एका गोळ्यात असतं तर ती तशीच झुलली असती. ते अंतर गुणिले टांगण्यापासून तोलाचं अंतर गुणिले वजन, हा तुमचा जडपणा.

कंदीपेढा
खिळ्यांवर टांगली. दहा झोक्यांना १५.५ सेकंद. बायको म्हणाली, घड्याळ बंद पडलंय का.

१.५५ चा वर्ग २.४, गुणिले २४.८ म्हणजे ५९.६. म्हणजे हातापासून साठ सेंमी. याचा वाराशी काय संबंध?

बव्हेरियातला_बटाटा
तो आघातबिंदू! त्या जागी वार बसला तर हाताला झटका बसत नाही. हातापासून ६०, म्हणजे परजेपासून ५५, म्हणजे टोकापासून ३६ सेंमी आत. तिथेच मारायचं.

लोहारआळी
थोडं थांबा बटाटेराव. तो बिंदू तलवारीवर कोरलेला नसतो. तुम्ही तलवार कुठल्या जागेभोवती फिरवता यावर तो सरकतो. खांद्यातून हात लांब करून मारला तर फिरण्याची जागा मुठीत नाही, खूप मागे आहे, मग बिंदूही सरकतो. शिवाय पातं ताठ दांडा नाही, ते थरथरतं. मूठ एका हातात सैल धरा आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने वाटीवर थाप मारा. पातं थरथरताना एक जागा स्थिर दिसेल, तिच्या दोन्ही बाजूंना धूसर. बऱ्याच लांब पात्यांत ती टोकापासून वीत-सव्वा वीत आत असते. वार तिथे बसला तर पातं कापतं, वाजत नाही. मी गिऱ्हाइकाला तीच जागा दाखवतो.

बव्हेरियातला_बटाटा
आमच्या प्रशिक्षकांचं मत वेगळं आहे. ते म्हणतात की थरथर ही घाव बसल्यावरची गोष्ट, कापणं तोवर संपलेलं असतं. दोघांच्या मध्ये मारावं, शक्यतो टोकाकडे, कारण वेग तिथे जास्त.

लोहारआळी
केळीच्या बुंध्यावर त्यांचं बरोबर असेल. हाडावर किंवा बांबूवर पातं आत असतानाच थरथरतं. असो, तुमच्या-माझ्यात हे मिटणार नाही.

मोरपंखी
दुसरी बाटली का उडते ते कुणी सांगितलंच नाही. सरळ कारण: पहिल्या बाटलीत पातं थोडं मुरगळतं. मग दुसरीवर धार तिरकी लागते आणि सपाट बाजू बाटलीला थोबाडीत मारते. पहिल्या बाटलीचा काप बघा. सपाट असेल तर हात ठीक. पन्हाळीसारखा वळलेला असेल तर मुरगळ. आमच्या नवीन मुलींचं ७०० ग्रॅमच्या तलवारीतही हेच होतं.

कंदीपेढा
बाटल्या कचऱ्यातून परत काढल्या. पन्हाळीसारखाच. 🙈

इतिहासवेडी
सगळं गणित मान्य, पण धारेबद्दल कुणी बोललंच नाही. कॅप्टन नोलन, इंग्रज घोडदळाचा अधिकारी, जो १८५४ मध्ये क्रिमियन युद्धात बालाक्लाव्हाच्या धडकेत सुरुवातीलाच मारला गेला, त्याने हैदराबादच्या निजामाच्या अनियमित स्वारांबद्दल लिहून ठेवलंय. त्यांनी एका लढाईत हात-पाय सपासप तोडले. त्याला वाटलं काही खास हत्यार असेल. बघितलं तर इंग्रजांनी टाकून दिलेली जुनी घोडदळी पाती, देशी मुठीत बसवलेली. फरक इतकाच की वस्तऱ्यासारखी धार लावलेली आणि लाकडी म्यानात ठेवलेली. लढाई सोडून ती बाहेर काढायचीच नाहीत. इंग्रजांची तीच पाती लोखंडी म्यानात घासून बोथट व्हायची. शिकवता कसं, असं विचारल्यावर उत्तर मिळालं की धारदार तलवार कुणाच्याही हातात कापते.

तोच प्रकार आपल्याकडे फिरंगीचा. पातं परदेशी, मूठ इथली. २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून राज्य सरकारने आणलेली रघुजी भोसल्यांची तलवार तशीच आहे. सरळ, एकधारी, युरोपी पातं आणि पाठीवर देवनागरीत नाव, त्यात "फिरंग" हाच शब्द.

पाटीलवाडा_सांगोला
म्हणजे आमच्या तीन चंद्रकोरी परदेशी असू शकतात??

इतिहासवेडी
असू शकतात, आणि इथल्या कारागिराने परदेशी छापाची केलेली नक्कलही असू शकते. छापावरून ठरवू नका. पातं मुठीतून बाहेर काढून बघायचा मोह तर अजिबात नको.

संपादक
सूचना: धागा छान चालला आहे. विक्री, भाडं आणि "कुठे मिळेल" हे प्रतिसाद काढले जातील. शंकासुर, हे तुम्हाला.

शंकासुर
लग्न झालं. नवरदेवाने शेवटी नारळ धरला. तोल अगदी मध्यावर.

कंदीपेढा
तीन आठवड्यांनी परत आलोय. शिसं ओतलं नाही. त्याच कारागिरांना हा धागा वाचून दाखवला. आधी चिडले, मग म्हणाले, "जाडी उतरवायचे पैसे कोण देतं?" मी दिले.

घासायला अडीच दिवस लागले. दर चार-पाच फेऱ्यांनंतर पाण्यात बुडवत होते. एका जागी, टोकापासून वीतभर आत, बेसावध क्षणी निळी झाक आली. त्यांनीच मान हलवली, "इथलं पाणी उतरलं थोडं," म्हणजे पोलादाचा कडकपणा गेला. बाकी पांढरं राहिलं.

आता वजन १३७२ ग्रॅम, तोल १६.३, दहा झोके १५.४ सेकंद.

निवृत्त_मापाडी
झोक्यांची वेळ बदललीच नाही की! मग जडपणा कमी झाला कसा?

लोहारआळी
काका, हीच मेख आहे. वेळेवरून फक्त ते साठ सेंमीचं अंतर कळतं, आणि लोखंड निघालं तेही साधारण तेवढ्याच अंतरावरचं. म्हणून अंतर जागेवर राहिलं. पण त्याला वजनाने आणि तोलाच्या अंतराने गुणा. आधी १४८० × २४ × ५९.६, आता १३७२ × २१.३ × ५८.८. शेकडा एकोणीस कमी. नुसते झोके मोजणाराही नुसता तोल मोजणाऱ्यासारखाच फसतो.

निवृत्त_मापाडी
मान्य. वहीत उतरवून घेतलं.

कंदीपेढा
हाताला फरक पहिल्या मिनिटाला कळला. बुंध्यावर वार केला की तलवार माझ्याआधी पळत नाही. चार बाटल्यांपैकी तीन कापल्या. चौथी अजून उडते, पण ते मोरपंखीताईंच्या खात्यात, मुरगळ माझी आहे.

भोसकणं मात्र बिघडलं. पूर्वी टोक झुकायचं तरी पोत्यात शिरायचं. आता टोक समोर राहतं, पण पोत्याला लागलं की पुढची वीत-दीड वीत धनुष्यासारखी वाकते. तीही नेमकी त्या निळ्या झाकेपाशी सुरू होते. दोनदा वाकून सरळ झाली, तिसऱ्यांदा केसभर वाकडीच राहिली.

निवृत्त_मापाडी
पाच मिमीचे अडीच केलेत, ताठपणा आठवा हिस्सा. सांगितलं होतं. आणि लांब पातं टोचताना खांबासारखं दाबलं जातं. ७५ सेंमीचं पातं जेवढा दाब सोसतं त्याच्या सत्तर टक्केच ९० सेंमीचं सोसतं, जाडी तीच असेल तर. लांबी फुकट मिळत नाही.

लोहारआळी
वाकडं राहिलं हे त्या जागेचं पाणी उतरल्यामुळे. नुसतं पातळ असतं तर वाकून परत आलं असतं. ती वीत पुन्हा पाणी देऊन घ्यावी लागेल, आणि एवढ्या लांब पात्याचं एकाच जागी पाणी देणं हा जुगार आहे. अख्खं पातं पुन्हा तापवावं असं माझं मत.

चूक माझीही आहे. मी सरसकट जाडी उतरवायला सांगितलं. धोपेला भोसकायचंही असतं, तर पाठ जाड ठेवून पोट पातळ करायला सांगायला हवं होतं. किंवा पाठीजवळ एक खोबण. जुन्या फिरंगी पात्यांवर परजेपासून पुढे कडेला रिव्हेट मारलेल्या लांब पट्ट्या असतात ना, त्या याचसाठी. पातं पातळ घ्यायचं आणि हाताजवळ, जिथे वजन महाग पडत नाही, तिथे आधार द्यायचा. पण त्या पट्ट्या बुडाला आधार देतात, तुमचं दुखणं टोकाशी आहे.

वाघनखी७६
म्हणजे शिसं ओतलं असतं तर निदान भोसकता आलं असतं. 😏

लोहारआळी
हो. हे खरं आहे.

बव्हेरियातला_बटाटा
पुढचे चार-पाच सेंमी कापून टाका आणि टोक पुन्हा घडवा. लांबी ८६ होईल, टोक ताठ राहील, वजन आणखी उतरेल. जमिनीवर उभं राहून ८६ भरपूर झाली.

मोरपंखी
मीही हेच म्हणणार होते. घोडा तर नाहीच आहे.

पाटा_फिरव
नका कापू. भोसकायला दुसरी करा, ही कापायला ठेवा. आमच्यात कुणी पाट्याने भोसकत बसत नाही.

कंदीपेढा
पाच सेंमी कापली तरी निळी जागा उरतेच, ती वीतभर आत आहे. कारागीर म्हणतात, पूर्ण तापवू, पण पातं वळलं तर जबाबदारी तुमची. रविवारी त्यांच्याकडे जातोय. तोवर दोन्ही मतांचे लोक भांडत राहा, मी वाचतोय.

पाटीलवाडा_सांगोला
मी तेल लावलं. लाल गंज गेला आणि पाठीवर अक्षरासारखं काहीतरी दिसतंय. फोटो उद्या उजेडात काढून टाकतो.